उजवीकडे लांब शेपूट असलेली हॉस्पिटल बिलं: लॉग घेऊन ओएलएस की गॅमा? दोन्हींची उत्तरं जुळेनात

मृणाल_व

नमस्कार मंडळी. पीजीच्या थिसिसचं काम चालू आहे. बायपास झालेल्या ३१० पेशंटची बिलं आहेत, अ‍ॅडमिट झाल्यापासून डिस्चार्जपर्यंतची. त्यातले १२५ मधुमेही, १८५ बिनमधुमेही. प्रश्न एवढाच की मधुमेहामुळे बायपासचा खर्च किती वाढतो. बिलांचा हिस्टोग्राम काढला तर नेहमीसारखाच, बहुतेक सगळे दोन-तीन लाखांत आणि मग उजवीकडे लांबच लांब शेपूट, शेवटचा एक पेशंट तर ३८ लाखांवर.

गाईड सरांनी सांगितलं की लॉग घे, नॉर्मल होईल, मग साधं रिग्रेशन, म्हणजे ओएलएस, लाव. लावलं. मधुमेहाचा कोइफिशंट आला ०.०४, पी ०.६२. म्हणजे काहीच फरक नाही. मग डिपार्टमेंटमधल्या एका सीनियरने सांगितलं की खर्चाला गॅमा वापरतात, लॉग लिंक लावून. तेही केलं, तर कोइफिशंट ०.२७, पी ०.०१ च्या आत. म्हणजे ३१ टक्के जास्त!

डेटा एकच, पेशंट एकच, दोन्हीत लॉग आहेच, मग एक म्हणतो फरक नाही आणि दुसरा म्हणतो ३१ टक्के, हे कसं काय? वय, इमर्जन्सी आणि ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, घालून पण बघितलं, आकडे थोडे हलतात पण भांडण तेच राहतं. सरांना काय सांगू? आवडलं ते उत्तर उचललं असं व्हायला नको.

```r
m1 <- lm(log(bill) ~ dm, data = d)
m2 <- glm(bill ~ dm, family = Gamma(link = "log"), data = d)
```

खटपट्या

सर बरोबर सांगतायत. बिलं लॉगनॉर्मल असतात हे सगळ्यांना माहितीये, लॉग घेतल्यावर हिस्टोग्राम घंटेसारखा दिसतोय ना? मग ओएलएसच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या, विषय संपला. गॅमात तुझा तो ३८ लाखवाला पेशंट सगळं ओढतोय. आणि ०.०४ म्हणजे खर्च ४ टक्के जास्त, पण सिग्निफिकंट नाही, असं लिहून टाक. फारच शंका असेल तर दोन्हींचा एआयसी काढ, ज्याचा कमी तो घे. आम्ही कंपनीत असंच करतो.

बिलिंग_काउंटर

ताई, मी बिलिंगला आहे, बरीच वर्षं झाली. मधुमेही पेशंटचं बिल जास्त का येतं ते मी सांगते. जखम भरायला वेळ लागतो, मग इन्फेक्शन, मग स्टर्नम पुन्हा उघडायची वेळ येते, आयसीयूचे दिवस वाढतात, अँटिबायोटिक महागातली लागतात. पण सगळ्यांचं नाही हो तसं होत. बरेचसे मधुमेही नेहमीसारखे सातव्या-आठव्या दिवशी घरी जातात आणि बिल अगदी इतरांसारखंच. ज्यांचं बिघडतं त्यांचं मात्र फारच बिघडतं. अ‍ॅडमिशनच्या वेळी एचबीएवनसी बघून डिपॉझिट जास्त घ्यावं का असा तुमचा प्रश्न असेल तर आमच्याकडे घेत नाहीत.

जुना_आकडेमोड्या

बिलिंगवाल्या ताईंनी प्रश्न वेगळा धरला, पण उत्तर सगळ्यात नेमकं त्यांचंच आहे. "बरेचसे इतरांसारखेच, ज्यांचं बिघडतं त्यांचं फारच बिघडतं." मृणालच्या दोन मॉडेलांमधलं भांडण आहे ते एवढंच.

आठच पेशंट घेऊन दाखवतो, आकडे बनवलेले आहेत, हजार रुपयांत. कॅल्क्युलेटरवर कुणीही करून बघा.

बिनमधुमेही: ८०, १००, १००, १२५
मधुमेही: २५, ५०, २००, ४००

लॉग घेऊन ओएलएस लावलं की ते प्रत्येक गटातल्या लॉगची सरासरी काढतं, म्हणजे जॉमेट्रिक मीन. पहिल्या गटात ८० गुणिले १२५ म्हणजे १०,०००, आणि १०० गुणिले १०० पण १०,०००, म्हणून जॉमेट्रिक मीन बरोब्बर १००. दुसऱ्या गटात २५ गुणिले ४०० दहा हजार, ५० गुणिले २०० दहा हजार, इथेही बरोब्बर १००. म्हणजे लॉगवाल्या ओएलएसचा कोइफिशंट शून्य. शून्याच्या जवळपास नाही, शून्यच.

आता नुसती बेरीज करा. पहिल्या गटाची ४०५, दुसऱ्याची ६७५. सरासरी १०१.२५ आणि १६८.७५. मधुमेह्यांचा खर्च दुसऱ्यांच्या पाच-तृतीयांश, म्हणजे ६७ टक्के जास्त. गॅमा लॉग लिंकचा कोइफिशंट येईल ०.५१, कारण एकच हो-नाही व्हेरिएबल असलं की ते मॉडेल गटांच्या साध्या सरासऱ्यांनाच जाऊन बसतं.

तेव्हा दोन्हींनी गणित बरोबर केलंय, प्रश्न वेगवेगळे सोडवलेत. एकाने लॉगची सरासरी काढली, दुसऱ्याने सरासरीचा लॉग. मृणालचा प्रश्न "मधुमेहामुळे खर्च किती वाढतो" असा असेल तर तो रुपयांचा प्रश्न आहे, आणि रुपये बेरजेने जमतात, गुणाकाराने नाही.

खटपट्या, "०.०४ म्हणजे खर्च ४ टक्के जास्त" हे वाक्य म्हणूनच चालत नाही. जॉमेट्रिक मीन ४ टक्के जास्त, एवढंच म्हणता येतं. दोन्ही गटांची लॉगवरची पसरण सारखी असती तर खर्चही ४ टक्केच जास्त निघाला असता. इथे सारखी आहे का तेच बघायचंय.

आणि एआयसीचं. एका मॉडेलचं आउटपुट `log(bill)` आहे आणि दुसऱ्याचं `bill`, म्हणजे दोन लाइकलीहूड वेगवेगळ्या मापातली आहेत. `AIC(m1, m2)` टाकलं की आर बिनतक्रार दोन आकडे छापतं आणि लॉगवाल्याचा कितीतरी कमी दिसतो, पण तो मापातला फरक असतो. तुलना करायचीच तर लॉगवाल्या एआयसीत `2*sum(log(bill))` मिळवावं लागतं. आणि ते करूनही कळणार काय तर बिलांच्या वितरणाचा आकार कुणी जास्त चांगला धरला. खर्चाचा फरक किती, हे त्यातून कळत नाही.

मृणाल, एक काम कर. `m1` चे रेसिड्युअल घे आणि त्यांचं एसडी दोन्ही गटांत वेगवेगळं काढून इथे टाक.

विमा_वहिनी

मध्येच घुसते, सॉरी. माझ्याकडे गॅमा चालवलं तर मधुमेहाचा कोइफिशंट चक्क उणे येतोय, म्हणजे मधुमेह्यांचा खर्च कमी?? सरासरी काढली तर जास्त आहे. `family = Gamma` एवढंच लिहिलंय.

लीड्सकर

वहिनी, तिथेच घोळ आहे. आरमध्ये गॅमाची डिफॉल्ट लिंक लॉग नाही, इन्व्हर्स आहे. मॉडेल सरासरीच्या व्यस्ताचं बसतं, म्हणून खर्च वाढला की कोइफिशंट खाली जातो. `Gamma(link = "log")` असं पूर्ण लिहा, चिन्ह जागेवर येईल. लोकांच्या फायलीत हे इतक्यांदा बघितलंय की कुणी "गॅमात उलटं आलं" म्हटलं की मी आधी लिंकच विचारतो.

मृणाल_व

जुना_आकडेमोड्या काका, काढलं. बिनमधुमेही एसडी ०.५५, मधुमेही ०.८६. सरासऱ्या पण देते. जॉमेट्रिक मीन २.४ लाख आणि २.५ लाख. साधी सरासरी २.८ लाख आणि ३.६७ लाख.

जुना_आकडेमोड्या

मग झालं, तुझं उत्तर तुझ्याच आकड्यांत आहे.

खटपट्या म्हणतो तसं बिलं लॉगनॉर्मल आहेत असं क्षणभर धरू. लॉगनॉर्मलमध्ये साध्या सरासरीचा लॉग म्हणजे लॉगची सरासरी अधिक अर्धा व्हेरियन्स. तेव्हा दोन गटांतल्या खर्चाच्या फरकाला दोन तुकडे असतात, एक लॉगच्या सरासऱ्यांतला फरक आणि दुसरा व्हेरियन्सच्या फरकाचा अर्धा.

पहिला तुकडा तुझा ०.०४. दुसऱ्यासाठी ०.८६ चा वर्ग ०.७४, ०.५५ चा वर्ग ०.३०, फरक ०.४४, अर्धा ०.२२. बेरीज ०.२६. तुझ्या गॅमाने दिलं ०.२७.

म्हणजे लॉगनॉर्मल खरं मानलं तरी खर्चाचा फरक ०.२६ च आहे. लॉगवाल्या ओएलएसचा कोइफिशंट त्यातला फक्त पहिला तुकडा दाखवतो, दुसरा रेसिड्युअलमध्येच राहून जातो. तुझ्या पेशंटमध्ये मधुमेहाचा जवळजवळ सगळा परिणाम त्या दुसऱ्या तुकड्यात आहे, मधला पेशंट हललेला नाही, शेपूट लांबलीये. बिलिंगच्या ताई तेच सांगत होत्या.

खटपट्या

ओके पण याला तर सोपा उपाय आहे ना. स्मिअरिंग. ड्वानचं १९८३ पासून आहे. लॉगवाल्या मॉडेलचे रेसिड्युअल एक्स्पोनेन्शियल करायचे, त्यांची सरासरी काढायची, तिने प्रेडिक्शनला गुणायचं. रुपयांत परत आलो. गॅमा कशाला पाहिजे मग?

जुना_आकडेमोड्या

माझ्या आठ पेशंटवर करून बघ ना. ओएलएसचं प्रेडिक्शन दोन्ही गटांना १००. रेसिड्युअल एक्स्पोनेन्शियल केले की पहिल्या गटात ०.८, १, १, १.२५ आणि दुसऱ्यात ०.२५, ०.५, २, ४. आठांची बेरीज १०.८, सरासरी १.३५. म्हणजे स्मिअरिंग करून दोन्ही गटांचा खर्च १३५.

आठ जणांची एकूण सरासरी खरंच १३५ आहे, त्यामुळे वरून सगळं छान जुळल्यासारखं वाटतं. पण बिनमधुमेह्यांचं ३४ हजार जास्त धरलं आणि मधुमेह्यांचं तेवढंच कमी. आणि दोन गटांतला फरक? अजूनही शून्यच. एकाच आकड्याने दोघांना गुणलं तर गुणोत्तर बदलणार कुठून.

गटागणिक वेगळं स्मिअरिंग केलं तर १.०१२५ आणि १.६८७५ येतात आणि सगळं जागेवर बसतं. एका हो-नाही व्हेरिएबलला ते जमतं. पण पसरण वयाबरोबर पण बदलत असेल, इमर्जन्सीत वेगळी असेल, ईएफ कमी असला की वेगळी, मग किती गट पाडणार? व्हेरियन्सचंच एक वेगळं मॉडेल लिहावं लागतं. ते चुकलं की खर्च चुकला. गॅमात लॉग सरासरीच्या बाहेर असतो, परत रुपयांत यायची भानगडच नाही.

खटपट्या

हं. पण मग तुमच्याच उदाहरणात गॅमाची अट पण मोडतेय. गॅमात एसडी भागिले सरासरी सगळीकडे सारखं असायला पाहिजे. तुमच्या पहिल्या गटात ते ०.१६ च्या आसपास येतं आणि दुसऱ्यात ०.८८. म्हणजे डेटा गॅमा नाहीच, तरी उत्तर बरोबर म्हणता? ओएलएसला एक न्याय आणि गॅमाला दुसरा?

लीड्सकर

हा मुद्दा चांगला काढलास. उत्तर असं की दोघांची मोडणारी अट एकाच महत्त्वाची नाही.

जीएलएममध्ये कोइफिशंट बरोबर यायला सरासरीचा आकार बरोबर असावा लागतो, म्हणजे लॉग लिंक आणि आत घातलेली व्हेरिएबल्स. गॅमा हा शब्द फक्त व्हेरियन्स सरासरीबरोबर कसा वाढतो ते सांगतो, कुणाला किती वजन द्यायचं ते त्यावरून ठरतं. ते चुकलं तर अंदाज थोडा जास्त डळमळतो आणि स्टँडर्ड एरर खोटी येते, पण कोइफिशंट भलतीकडे जात नाही. स्टँडर्ड एररसाठी सँडविच घ्यायची, डिफॉल्ट छापून येते ती नाही:

```r
library(sandwich); library(lmtest)
coeftest(m2, vcov = vcovHC(m2, type = "HC0"))
```

गंमत बघायची असेल तर मृणाल, तुझ्या त्याच मॉडेलात गॅमाच्या जागी `quasipoisson(link = "log")` घाल. एकटं `dm` असताना कोइफिशंट हुबेहूब ०.२७ च येईल. म्हणून मला हा वाद गॅमा विरुद्ध ओएलएस असा मांडलेला आवडत नाही. लॉग कुठे घेतला, सरासरीच्या आत की बाहेर, त्यावर सगळं अवलंबून आहे. गॅमा की पॉइसन हा पुढचा प्रश्न, आणि तो वय-ईएफ सारखी व्हेरिएबल्स आत आली की उभा राहतो.

आमच्याकडे इंग्लंडात नवीन उपचार परवडतो का हे ठरवताना सरासरी खर्चच मागतात, मीडियन नाही, कारण पेशंटची संख्या गुणिले सरासरी म्हणजे बजेट. मीडियनने गुणलं तर आयसीयूवाल्यांचे पैसे कुठून आणणार.

विमा_वहिनी

लिंक बदलली, चिन्ह सरळ झालं. आता दुसरी अडचण. माझा डेटा क्लेमचा आहे आणि निम्म्याहून जास्त लोकांचा वर्षभरात क्लेमच नाही, म्हणजे शून्य. गॅमा शून्य घेतच नाही, एरर देतं. ऑफिसात सगळे `log(claim + 1)` करतात, तसं करू का?

जुना_आकडेमोड्या

नका करू. तो १ म्हणजे एक रुपया की एक हजार? रुपयांत असताना शून्यवाला आणि पन्नास हजारवाला यांच्यातलं लॉगचं अंतर १०.८ येतं. तीच रक्कम हजारांत लिहून १ मिळवला तर ३.९. नुसतं एकक बदललं आणि कोइफिशंट बदलले, टक्केवारी पण बदलली. असल्या मॉडेलातून काय निष्कर्ष काढणार?

तुमच्याकडे प्रश्न दोन आहेत. क्लेम झाला का, त्याला लॉजिस्टिक. झाला तर केवढा, त्याला फक्त क्लेमवाल्यांवर गॅमा लॉग लिंक. मग दोन्ही प्रेडिक्शनचा गुणाकार. अमेरिकेतल्या रँडच्या आरोग्य विमा प्रयोगाच्या खर्चावर असंच तुकडे पाडून काम झालं होतं. किंवा पॉइसन लॉग लिंक सँडविचसकट, ते शून्य पचवतं, रुपये पूर्णांक नसले तरी चालतं. मृणालच्या डेटात हा प्रश्न येत नाही, बायपास फुकट होत नसते. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

बिलिंग_काउंटर

फुकट होते हो काका! महात्मा फुले योजनेत पेशंटला एक पैसा पडत नाही. आणि आमच्याकडून योजनेकडे जातं ते पॅकेजचं बिल, ठरलेली रक्कम. पेशंट सात दिवस राहिला काय आणि वीस दिवस राहिला काय, पॅकेज ते पॅकेज. ताई, तुमच्या ३१० मध्ये योजनेचे पेशंट आहेत का? असतील तर त्यांच्या बिलावरून खर्च कळणारच नाही.

मृणाल_व

बापरे. आहेत. आत्ता बघितलं, योजनेचे पेशंट बऱ्यापैकी आहेत आणि सगळ्यांची रक्कम अगदी सारखी, हिस्टोग्राममध्ये जो एक उंच खांब दिसत होता तो हाच. मला वाटलं बरेच लोक तेवढ्याच खर्चात बसतात.

जुना_आकडेमोड्या

ताई, मानलं तुम्हाला.

मृणाल, हा खांब कुठल्याच मॉडेलने सुटणार नाही. योजनेच्या मधुमेही पेशंटला इन्फेक्शन झालं तर हॉस्पिटलचा खर्च वाढला, पण तुझ्या कॉलममध्ये दिसला नाही. शेपूट कापली गेली. त्यामुळे ०.२७ खऱ्यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. पण योजनेत मधुमेह्यांचं प्रमाण वेगळं असेल तर तेही मिसळणार. शक्य असेल तर त्यांच्यासाठी औषधं, बेड-दिवस, इम्प्लांट यांवरून खर्च बांध. ते जमणार नसेल तर योजनेचे आणि रोखीचे-विम्याचे वेगळे दाखव. सगळ्यांना एकात कालवू नकोस.

लीड्सकर

हे निस्तरलंस की मग फॅमिली तपास. सुधारित पार्क टेस्ट म्हणतात, मॅनिंग आणि मुलाहींच्या २००१ च्या पेपरपासून खर्चवाले सगळे हीच चालवतात. वय, ईएफ, इमर्जन्सी असलेलं पूर्ण मॉडेल घे:

```r
mu <- fitted(m3)
r2 <- (d$bill - mu)^2
glm(r2 ~ log(mu), family = Gamma(link = "log"))
```

`log(mu)` चा कोइफिशंट १ च्या आसपास आला तर पॉइसन, २ च्या आसपास तर गॅमा, ३ कडे झुकला तर इन्व्हर्स गॉशियन. फक्त एकट्या `dm` वर हे करू नको, दोनच बिंदूंतून रेघ जाते, काहीही आकडा येतो.

मृणाल_व

योजनेचे बाजूला काढून केलं. उरलेल्यांत एकट्या `dm` चा गॅमा कोइफिशंट थोडा वाढून ०.३१ झाला. पूर्ण मॉडेलवर पार्क टेस्ट २.३. म्हणजे गॅमा पक्का ना?

लीड्सकर

व्हेरियन्सपुरता चालेल. सरासरीचा आकार वेगळा तपासायचा. प्रेडिक्टेड खर्चाप्रमाणे पेशंट लावून दहा भाग कर आणि प्रत्येक भागात खरी सरासरी आणि प्रेडिक्टेड सरासरी शेजारी-शेजारी ठेव. गॅमा नेमकं कुठे फसतं ते इथे दिसतं. त्याच्या समीकरणात प्रत्येक पेशंटची चूक त्याच्या प्रेडिक्शनच्या टक्केवारीत मोजली जाते. स्वस्त पेशंटवर २० टक्के चूक आणि महाग पेशंटवर २० टक्के चूक त्याला सारखीच. पॉइसनला रुपये दिसतात. त्यामुळे पॉइसनच्या प्रेडिक्शनची बेरीज खऱ्या बिलांच्या बेरजेशी तंतोतंत जुळते, गॅमाची जुळेलच असं नाही.

मृणाल_व

केलं. खालचे आठ भाग मस्त जुळतात. नववा थोडा कमी येतो. दहावा मात्र बराच वर, खरी सरासरी ५.२ लाख, गॅमा म्हणतं ६.१ लाख. पॉइसनने ५.४ दिलं.

जुना_आकडेमोड्या

हे नेहमीचं. वय, इमर्जन्सी आणि कमी ईएफ तिन्ही एकत्र आले की लॉग लिंक तिघांचा गुणाकार करते, आणि खऱ्या आयुष्यात तेवढं गुणलं जात नाही. इमर्जन्सी आणि ईएफचं इंटरॅक्शन घालून बघ, बहुधा कोइफिशंट उणे येईल आणि दहावा भाग खाली बसेल. आधी हे कर, फॅमिली नंतर बदल. आणि दहाव्या भागात किती जण दगावले तेही बघ.

खटपट्या

माझा एक मुद्दा तसाच राहिलाय. ३८ लाखवाला. तो काढला तर काय होतं?

मृणाल_व

आधीच्या ३१० वर काढून बघितलं, ०.२७ चं ०.१९ झालं. लॉगवाल्या ओएलएसला विशेष फरक पडला नाही.

खटपट्या

बघा!! ३१० पैकी एक पेशंट आणि परिणामाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गायब. याला मी भक्कम निष्कर्ष म्हणणार नाही. सरासरी हवी हे मान्य, पण सरासरी मोजायला पुरेसा डेटाच नाही हे पण मान्य करा.

लीड्सकर

यात तथ्य आहे. त्याच २००१ च्या पेपरात हे पण आहे की लॉगवरची शेपूट नॉर्मलपेक्षा जाड असेल तर जीएलएमचे अंदाज बरेच डळमळतात, ओएलएस त्यापेक्षा स्थिर असतं. मृणाल, लॉग रेसिड्युअलचं कर्टोसिस किती?

मृणाल_व

४.१. नॉर्मलला ३ ना?

लीड्सकर

हो. म्हणजे जाड आहे, फार नाही. मी असतो तर लॉगवालं ओएलएस ठेवून मधुमेह्यांची पसरण वेगळी धरली असती आणि ते ०.२६ मुख्य निकाल म्हणून दिलं असतं, गॅमा शेजारी.

जुना_आकडेमोड्या

मला नाही पटत. ते ०.२६ लॉगनॉर्मलवर उभं आहे आणि कर्टोसिस ४.१ म्हणजे नेमकं लॉगनॉर्मलच डळमळीत. ज्या शेपटीने त्रास दिला तिचा आकार गृहीत धरून स्थिरता मिळवायची, हा उधारीचा व्यवहार आहे. गॅमा, सँडविच आणि बूटस्ट्रॅपचा रुंद इंटरव्हल, जेवढी अनिश्चितता आहे तेवढी दिसू दे. आणि ३८ लाखवाला काढायचा नाही. ते बिल कुणीतरी भरलंय. टायपिंगची चूक असेल तरच काढ, त्यासाठी मूळ फाईल बघ.

बिलिंग_काउंटर

शून्य जास्त पडलं नाही ना तेवढं बघा, होतं कधी कधी. आणि डामा म्हणून गेलेले पण बघा, डॉक्टरांचं न ऐकता डिस्चार्ज घेऊन गेलेले. पैसे संपले की नेतात घरी किंवा सरकारीत. त्यांचं बिल तिथेच थांबतं.

मृणाल_व

डामावाले आहेत, दगावलेले पण आहेत. सगळे धरलेत.

जुना_आकडेमोड्या

प्रश्न "हॉस्पिटलने किती खर्च केला" असा असेल तर राहू देत, खर्च झाला तेवढाच झाला. "पूर्ण उपचाराला किती लागतं" असा असेल तर त्यांची बिलं अर्धवट आहेत, नुसतं वगळणं पण चूक, त्याला वेगळ्या पद्धती लागतात. कुठला प्रश्न ते सरांबरोबर बसून ठरव, ते ठरल्याशिवाय मॉडेलवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मृणाल_व

सरांशी उद्या बोलते. आठ पेशंटवालं उदाहरण त्यांना कागदावर करून दाखवणार आहे. मूळ फाईल मागवली आहे, रेकॉर्ड रूमवाले सोमवारनंतर या म्हणाले. इंटरॅक्शन घातलं, कोइफिशंट उणेच आला, दहावा भाग ५.५ वर आलाय. नववा अजून जुळत नाही.

खटपट्या

नवव्यात डामावाले किती आहेत बघ.